‘हाय’ आणि ‘महोदय’ यांच्यामध्ये अडकलेलं बिल

शाळेत आपल्याला दोन प्रकारची पत्रं शिकवली. एक औपचारिक, ज्यात शाळेसाठी क्रीडासाहित्य मागवायचं असे. दुसरं अनौपचारिक, ज्यात वक्तृत्वस्पर्धेत पहिला आल्याबद्दल मित्राचं अभिनंदन करायचं असे. दोन्हींत एक सोय होती. क्रीडासाहित्याच्या दुकानदाराकडे आपले पैसे अडकलेले नसत, आणि मित्राकडे अडकलेले असले तरी ते परीक्षकाला सांगायचे नसत. जी मुलगी आपल्याला ‘हे मॅम!’ अशी हाक मारते आणि जिच्याकडून ५२,००० रुपये यायचे आहेत, तिला कोणता मायना लिहायचा, या प्रश्नाला अभ्यासक्रमात दोन गुणसुद्धा नव्हते.

हा प्रश्न आमच्या वहिनींना दिवाळीनंतर पडला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाच्या मंडळी. त्या घरच्या घरी फराळाचा उद्योग करतात. मदतीला दोघीतिघी असतात, एक मोठी कढई आहे आणि सीएने आग्रहाने करून दिलेली ‘उद्यम’ नोंदणी आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र त्यांनी देवघराशेजारी लावलंय, कारण त्यावर सरकारी शिक्का आहे आणि त्याचं दुसरं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवाळीला त्यांच्याकडे दोन मोठ्या ऑर्डरी आल्या. एक बाणेरच्या एका स्टार्टअपची: ८० डबे, डब्याला ६५० रुपये, एकूण ५२,०००. दुसरी भोसरीकडच्या एका जुन्या, भल्यामोठ्या कारखान्याची: ४०० डबे, डब्याला ४५० रुपये, एकूण १,८०,०००. दोन्ही ठिकाणी माल १४ ऑक्टोबरला पोचला. दोन्ही ठिकाणांहून ‘चकली अप्रतिम’ असे निरोप आले. पैसे दोन्हीकडून आले नाहीत. चकलीची पोच देणारी माणसं आणि पैसे देणारी माणसं वेगळी असतात, हा व्यापारातला पहिला धडा.

पंधरवडा उलटल्यावर वहिनींनी दोन्हीकडे लिहिलं. मायना निवडताना त्यांनी कुणीही शहाणा माणूस लावेल तोच न्याय लावला: ओळखीच्याला मोकळेपणाने, अनोळख्याला रीतसर. कारखान्यातले ॲडमिनचे साहेब त्यांच्याच सोसायटीत, गणपती मंडळात एकत्र आरत्या म्हणणारे. म्हणून त्यांना ई-मेल गेली ती अशी: ‘दादा, कसे आहात? ताईंचा गुडघा आता बरा आहे ना? आपलं ते फराळाचं जरा बघा ना जमलं तर. घाई नाही.’ खाली हात जोडलेली दोन चित्रं आणि एक पणती.

स्टार्टअपमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं. ऑर्डर व्हॉट्सॲपवरून आली होती, पाठवणाऱ्या मुलीचं पद ‘हॅपिनेस’ने सुरू होत होतं, आणि वहिनींना अजूनही ते तिचं आडनाव वाटतं. म्हणून तिकडे पत्र गेलं ते असं: ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, विथ रेफरन्स टू द अबव्ह सायटेड सब्जेक्ट...’ आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट, फेलिंग विच...’ हे ‘फेलिंग विच’ त्यांच्या वडिलांच्या काळातलं. त्यांचे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. ‘फेलिंग विच’च्या पुढे काय होणार हे वहिनींनी लिहिलं नव्हतं, कारण पुढे काय करायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दोन्ही पत्रं आपापल्या मुक्कामी पोचली आणि दोन्हींनी काम बंद पाडलं.

कारखान्याचं काय झालं ते मला घरबसल्या दिसू शकत होतं, कारण माझं नोकरीचं सगळं आयुष्य अशाच एका कारखान्याच्या बिल पासिंग सेक्शनमध्ये गेलं. नाव बिल पासिंग असलं तरी तिथे बिलं नापासच जास्त होतात. आणि स्टार्टअपमध्ये काय झालं ते माझ्या पुतणीने उलगडून सांगितलं. ती अशाच एका कंपनीत असते, जिथे बसायला बीनबॅग आहेत आणि बॉसला पहिल्या नावाने हाक मारतात. आम्ही दोघं वहिनींच्या जेवणाच्या टेबलाशी सल्लागार म्हणून बसलो. मानधन: शंकरपाळे.

आधी बाणेर. पुतणीच्या म्हणण्याप्रमाणे, अशा कंपनीत ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारं पत्र फक्त तीन ठिकाणांहून येतं: सरकार, जागेचा मालक आणि वकील. त्यामुळे हॅपिनेसवाल्या मुलीने ते उघडलं आणि ‘फेलिंग विच’पर्यंत पोचताच फाउंडरला पाठवलं. फाउंडरने ते वाचलंही नसेल. त्याने वर ‘लीगल?’ एवढाच शब्द टाकून ते पुढे ढकललं. आता एवढ्याशा कंपनीत लीगल खातं कुठलं असायला? तिथे लीगल म्हणजे फाउंडरचा कॉलेजमधला वकील मित्र, जो ऑफिसच्या भाडेकरारापुरता असतो. त्याने वहिनींचं पत्र ‘सवडीने पाहतो’ म्हणून बाजूला ठेवलं. ज्या बिलाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, ते बिल वादग्रस्त झालं. चकलीला कायदेशीर बाजू आली.

“काकू, तिथे पैसे कसे सुटतात ते आधी समजून घ्या,” पुतणी म्हणाली. मीही कान दिला, कारण आमच्याकडे बिल सुटायला सात सह्या लागत आणि कमी सह्यांमध्ये पैसे सुटतात यावर माझा विश्वास नव्हता.

तिने सांगितलं ते असं. अशा छोट्या कंपनीत हिशेब बहुतेक वेळा बाहेरच्या सीए फर्मकडे असतो. त्या फर्मचा एक मुलगा आठवड्यातून एखादा दिवस येतो, नाहीतर बिलं ई-मेलने मागवतो. तो बँकेच्या ॲपवर पैशांची नोंद करतो. पण त्याला पैसे पाठवता येत नाहीत. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी बँकेनेच व्यवस्था केलेली असते. मंजूर करायचं काम फाउंडरचं. म्हणजे वहिनींचे ५२,००० रुपये आणि वहिनी यांच्यामध्ये एक हिशेबनीस मुलगा आणि एक अंगठा, एवढंच अंतर. अंगठा दिवसभर मोबाइलवरच असतो. फक्त त्याच्यासमोर योग्य गोष्ट योग्य वेळी यायला हवी.

इथे मैत्रीचा सूर का चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. स्टार्टअपमधली माणसं प्रेमळ असतात म्हणून नव्हे. पत्र ज्याच्या हातात पडतं त्यालाच काम करायचं असतं, म्हणून. त्याला संदर्भ द्यावा लागत नाही, फराळ त्यानेच खाल्लेला असतो. पत्र पुढे कुठे जाणार नसतं, त्यामुळे त्याला कोट-टाय घालायची गरज नाही. उलट कोट-टाय घातलं की समोरच्याला वाटतं, हे पत्र दुसऱ्या कोणासाठी आहे, आणि तो ते दुसऱ्या कोणाला पाठवतो. एकदा पुढे पाठवलं की त्याच्या दृष्टीने काम झालं.

पण मैत्रीचा सूर म्हणजे वहिनींचा ‘जमलं तर बघा ना’ नव्हे. हा आपल्याकडचा जुनाट आजार आहे. स्वतःचे पैसे मागताना आपला आवाज उसने मागायला आल्यासारखा होतो. ‘घाई नाही’ हे आपण सभ्यपणा म्हणून लिहितो आणि समोरचा माहिती म्हणून वाचतो. तीस वर्षांच्या आतल्या माणसाला तुम्ही ‘घाई नाही’ असं लिहिलंत, तर तो खरोखर घाई करत नाही. त्याच्या यादीत घाईची कामं चाळीस असतात आणि तुम्ही स्वतः लिहून दिलंय की तुमचं त्यांपैकी नाही.

मग पुतणीने निरोप लिहिला. ज्या व्हॉट्सॲप संवादात ऑर्डर आली होती त्याच संवादात, त्या ऑर्डरच्याच खाली:

‘हाय! दिवाळीचे ८० डबे सगळ्यांना आवडले हे वाचून छान वाटलं. ५२,००० चं बिल सोबत जोडलंय, बँकेचे तपशील त्यातच आहेत. तुमचे अकाउंट्सवाले या आठवड्यात शुक्रवारपर्यंत करू शकतील का? त्यांचा ई-मेल दिलात तर मी थेट त्यांनाही पाठवते.’

मी वाचलं आणि ‘यात विषय कुठे आहे, संदर्भ कुठे आहे’ असं विचारलं. “काका, वरच आहे ना ऑर्डर, अंगठ्याने सरकवली की दिसते,” ती म्हणाली. निरोपात मागणी एकच होती, तारीख एकच होती आणि बिल सोबतच होतं, म्हणजे ‘बिल परत पाठवाल का’ या उत्तरात जाणारे चार दिवस वाचले. शेवटचं वाक्य मला सगळ्यांत आवडलं. त्यात लाघव होतं, पण त्या लाघवाने हिशेबनीस मुलाचा पत्ता काढून घेतला. आमच्या सेक्शनमध्ये हे कसब असलेली माणसं परचेसला बदलून जात.

आता भोसरी. तिथे माझं राज्य होतं.

वहिनींची ‘दादा, कसे आहात’ ही ई-मेल ॲडमिनच्या साहेबांनी प्रेमाने वाचली. मग त्यांनी करायचं ते केलं: पुढे पाठवली. त्यांच्या हातात पैसे नाहीतच. ई-मेल गेली अकाउंट्सला, तिथून बिल पासिंगला, तिथून ‘कृपया पीओ नंबर कळवावा’ म्हणून परत ॲडमिनला, आणि या प्रवासात ती कॅन्टीन कॉन्ट्रॅक्टचे मॅनेजर आणि एक जनरल मॅनेजर यांच्याही डोळ्यांखालून गेली. साहेबांच्या मंडळींचा गुडघा आता चार खात्यांना माहीत होता. बिल नंबर मात्र एकालाही माहीत नव्हता, कारण तो ई-मेलमध्ये नव्हता. साहेब त्यानंतर लिफ्टमध्ये वहिनींची नजर चुकवू लागले. मैत्रीच्या सुरात लिहिल्याने मैत्रीला धोका निर्माण झाला.

मोठ्या कंपनीत तुमचं बिल पास होतं ते तीन कागद जुळले म्हणजे. पहिला पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ: आम्ही हे, एवढं, या दराने मागवलं. दुसरा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची स्टोअर्सची नोंद: एवढं आलं. तिसरं तुमचं बिल: एवढ्याचे पैसे द्या. बिल पासिंगचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तुमची चकली त्याने खाल्लेली नाही, आणि खाल्ली असली तरी ती याच बिलाची की कसं हे त्याला ठाऊक नाही. तो तीन कागदांवरचे आकडे पाहतो. जुळले तर पुढे, नाही तर होल्ड. त्यात दुष्टपणा नसतो. मी तिथे असताना आमच्या साहेबांच्या सख्ख्या मेव्हण्याचं बिल होल्डवर टाकलं होतं, आणि साहेबांनीच मला शाबासकी दिली होती. मेव्हण्याशी त्यांचं फारसं नव्हतं.

मी वहिनींकडे बिलाची प्रत मागितली. त्यावर लिहिलं होतं: ‘दिवाळी फराळ, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे, ४०० डबे.’ पीओ नंबर नाही. पीओ आला होता, ई-मेलमध्ये पडून होता. वहिनींना ते त्या कंपनीचं अभिनंदनाचं पत्र वाटलं होतं. मग मी चलन मागितलं. त्यावर गेटच्या सिक्युरिटीचा शिक्का, तारीख आणि सही व्यवस्थित होती. पण माल स्टोअर्सला गेलाच नव्हता. टेम्पो गेटवरून थेट कॅन्टीनच्या हॉलमध्ये, तिथून कामगारांच्या पिशव्यांत. स्टोअर्सच्या दृष्टीने बेअरिंग येतं, नटबोल्ट येतात, ग्रीस येतं. बेसनाचा लाडू येत नाही. म्हणून जीआरएन झालाच नव्हता. ४०० माणसांनी खाल्लेला फराळ कंपनीच्या संगणकानुसार अजून पोचायचा होता.

हा या धंद्यातला फार जुना रोग आहे. फराळ, भेटवस्तू, हारतुरे, मंडप, जे जे स्टोअर्सच्या रॅकवर ठेवता येत नाही, त्याची नोंद करायला कोणी धजत नाही. लक्षण ओळखायचं सोपं आहे: ‘बिल कुठे आहे?’ विचारल्यावर ‘सिस्टिममध्ये आहे’ असं उत्तर आलं आणि ‘पैसे कधी?’ विचारल्यावर कोणीच तारीख सांगितली नाही, तर जीआरएन झालेला नाही असं समजावं.

अशा ठिकाणी पत्र औपचारिकच लागतं, आणि त्याचं कारण आदर नव्हे. औपचारिक पत्र म्हणजे मुंबईच्या डबेवाल्याच्या डब्यावरची खूण. डबा घरून निघाला की तीन-चार हात बदलतो, आणि त्यांतल्या कोणालाही पोळी कोणी लाटली हे माहीत असायची गरज नसते. झाकणावरचे रंग आणि आकडे पाहून तो पुढच्या हातात जातो. विषय, संदर्भ, पीओ नंबर, चलन नंबर हे सगळं झाकणावरचं लिखाण. पाच अनोळखी माणसांपैकी प्रत्येकाला, आधीच्याला न विचारता, स्वतःचं काम कळलं पाहिजे.

पत्र इंग्रजीत गेलं; त्याचा मराठी आशय असा:

‘विषय: पीओ क्रमांक अमुक, बिल क्रमांक तमुक, रु. १,८०,०००, जीआरएन प्रलंबित.

महोदय, वरील पीओनुसार ४०० फराळ डबे दि. १४ ऑक्टोबर रोजी आपल्या गेटवर देण्यात आले. गेटचा शिक्का असलेलं चलन सोबत जोडलं आहे. या चलनाचा जीआरएन करून त्याचा क्रमांक कळवावा, ही विनंती. पीओ क्रमांक नमूद केलेली बिलाची प्रत, बँक तपशील आणि उद्यम प्रमाणपत्र सोबत आहे.’

पुतणीने ते वाचून तोंड वाकडं केलं. “यात पैसे मागितलेलेच नाहीत, काका.” बरोबर होतं. मागितले नव्हते, कारण ज्याला पत्र लिहिलं त्याच्याकडे पैसे नव्हते. त्याच्याकडे होतं ते जीआरएन करायला स्टोअर्सला सांगणं. औपचारिक पत्र लिहिणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच होते. भाषा एवढी झुकलेली असते, ‘आपल्या कृपादृष्टीसाठी’, ‘त्वरित योग्य ती कार्यवाही’, की नेमकी कोणती कार्यवाही, कोणी करायची, हे वाकण्यात राहून जातं. ‘डू द नीडफुल’ वाचून माझ्या सेक्शनमध्ये कोणी काही केल्याचं मला आठवत नाही. नीडफुल काय ते ज्याने सांगितलं, त्याचंच काम झालं.

ॲडमिनच्या साहेबांना वेगळा फोन करायला मी वहिनींना सांगितलं. त्यात गुडघ्याची चौकशी मनसोक्त करावी, आणि शेवटी एवढंच म्हणावं, ‘एक ई-मेल टाकलीय, तुम्हाला पुढे ढकलायला सोपी पडेल अशी.’ मोठ्या कंपनीतही मैत्री असते, कामालाही येते. फक्त ती फोनवर ठेवायची आणि ई-मेल अशी लिहायची, की पुढे पाठवताना साहेबांना लाज वाटू नये.

आता कायद्याची गोष्ट. देवघराशेजारच्या त्या प्रमाणपत्राला इथे भाव येतो. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, वहिनींसारख्या नोंदणीकृत सूक्ष्म उत्पादकाचा माल स्वीकारल्यापासून, लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. करारात ९० दिवस लिहिले असले तरी ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आणि २०२३ च्या वित्त कायद्याने यात आणखी एक खुंटी ठोकली, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली: सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाहीत. माल नुसता घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला या मुदतीचं संरक्षण नाही. वहिनी चकली स्वतः तळतात, म्हणून त्यांना आहे. नोंदणी मात्र माल देण्याआधीची असलेली बरी, नंतरची असली की वाद सुरू होतात.

वहिनी एकदम उजळल्या. “मग हे दोघांनाही लिहू या की!”

इथे मी आणि पुतणी पहिल्यांदा एका सुरात ‘दोघांना नको’ म्हणालो.

मोठ्या कंपनीत हे एक वाक्य धमकी ठरत नाही, मदत ठरते. तिथल्या अकाउंट्सवाल्याला मार्च महिन्यात सूक्ष्म-लघू पुरवठादारांची यादी काढावीच लागते, ऑडिटर ती मागतात. तुम्ही उद्यम प्रमाणपत्र जोडून ‘माल स्वीकारल्याची तारीख १४ ऑक्टोबर, त्यानुसार ४५ दिवस २८ नोव्हेंबरला पूर्ण होतात’ एवढं कोरडं वाक्य लिहिलंत, तर त्याला तुमचं बिल ढिगातून वर काढायला कारण मिळतं. कारण मिळालं की तो साहेबांना दाखवू शकतो. भावना मात्र घालायच्या नाहीत. ‘आम्ही गरीब गृहिणी’ आलं की पत्र अकाउंट्समधून सीएसआर विभागाकडे जाण्याचा संभव असतो.

स्टार्टअपला हेच वाक्य पहिल्या निरोपात लिहिलं, तर ते ‘फेलिंग विच’च्याच जातीचं. पुन्हा वकील मित्र, पुन्हा सवड. शिवाय त्यात एक गोम आहे, जी माझ्या लक्षात हिशेबाच्या सवयीने आली. जी कंपनी अजून तोट्यात आहे, ती यंदा आयकर भरतच नाही. तिला सांगायचं की हा खर्च यंदा धरता येणार नाही. ती म्हणेल, बरं. तिप्पट दराचं व्याज तिला लागू आहेच, पण ते वसूल करायला राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करावा लागतो. तो हक्क जरूर असू द्यावा, पण ५२,००० साठी ती वाट शेवटची.

बाणेरहून शुक्रवारी पैसे आले नाहीत, पण हिशेबनीस मुलाचा पत्ता आला, आणि पुढच्या आठवड्यात पैसेही. सोबत अंगठ्याचं चित्र आलं. तो तोच अंगठा असावा, असं वहिनींना वाटतं.

भोसरीची गोष्ट मात्र तेवढ्यावर संपली नाही. जीआरएन झाला, बिल पासिंगला गेलं, आणि मग एका दुपारी वहिनींना अकाउंट्समधून फोन आला. आवाज अत्यंत गोड. ‘ताई, कशा आहात? फराळ काय सुंदर होता! एक छोटंसं काम होतं. ते बिल आहे ना, त्याच्यावर आजची तारीख टाकून नवीन पाठवता का? लगेच करून टाकतो.’ वहिनी विरघळल्या. इतकी मोठी कंपनी आणि इतकं आपुलकीचं बोलणं. त्या नवीन बिल करायला बसल्या होत्या, तेवढ्यात मी शंकरपाळ्यांसाठी पोचलो.

ही या विषयातली सगळ्यांत कामाची गोष्ट आहे. लिहिणाऱ्याचा सूर कसा असावा यावर सगळे सल्ले देतात; समोरच्याचा सूर बदलला तर त्याचा अर्थ काय, हे कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षं ‘महोदय’ लिहिणारी कंपनी अचानक ‘ताई’ म्हणू लागली, तर तिला तुमच्याकडून काहीतरी हवंय असं समजावं. इथे तारीख हवी होती. कायद्याने मुदत मोजायची ती माल स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नाही. पण नव्या तारखेचं बिल तुम्हीच सहीनिशी दिलंत की कागदावर उशीर दिसत नाही आणि ऑडिटरला समाधान वाटतं. मी वहिनींना गोडव्याला गोडव्याने उत्तर द्यायला सांगितलं, फोनवर. आणि फोन ठेवल्यावर लगेच ई-मेल: ‘आजच्या दूरध्वनीवरील संभाषणास अनुसरून. मूळ बिलाचा क्रमांक व तारीख कायम असून माल १४ ऑक्टोबर रोजी स्वीकारला गेला आहे. मूळ बिलानुसार रक्कम अदा व्हावी.’ गोड आवाजाचा पुन्हा फोन आला नाही. त्या आठवड्याच्या शेवटी पैसे आले, मूळ तारखेवर.

उलट बाजूही तितकीच खरी. ‘हे मॅम’ म्हणणारी कंपनी एके दिवशी ‘डिअर व्हेंडर, आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली असून’ असं लिहू लागली, तर कान टवकारावेत. संबंधित विभाग तिथे नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तो हिशेबनीस मुलगा तर तुमच्याशी परवापर्यंत चित्रांत बोलत होता. अशा कंपनीत भाषा वयात येते ती बहुधा पैसे आटले की. कोणीतरी सगळ्यांना एकच मजकूर पाठवायला सांगितलेलं असतं. असं पत्र आलं की पुढचा माल उधारीवर देऊ नये, आणि स्वतःचा सूर त्या दिवसापासून औपचारिक करावा. तेव्हा विषय, संदर्भ, तारखा, उद्यम क्रमांक, ४५ दिवस, सगळं लिहावं, कारण आता ते पत्र खरंच वकिलाकडे जाणार असतं आणि त्याने ते नीट वाचावं अशीच आपली इच्छा असते.

यंदाच्या ऑर्डरी घेताना वहिनींनी आम्हाला बोलावलं नाही. त्यांनी स्वतःच दोन मजकूर तयार केले होते, मला फक्त दाखवले. बाणेरला: ‘हाय! यंदा पण मजा करू या. अर्धे पैसे आधी आले की तारीख पक्की. अकाउंट्सच्या दादाला या ग्रुपमध्ये घ्या ना.’ भोसरीला: ‘महोदय, पीओ मिळाल्यावर उत्पादन सुरू करण्यात येईल. पीओमध्ये जीआरएन कोणी करावयाचा त्या अधिकाऱ्याचं नाव नमूद करावं.’

मी म्हटलं, “वहिनी, मजकूर उत्तम आहे. पण सोसायटीतल्या त्या साहेबांना एवढं कोरडं?”

“त्यांना काल आरतीनंतर तोंडी सांगितलंय, भावोजी,” त्या म्हणाल्या. “ताईंचा गुडघा आता बरा आहे. आणि पीओ आल्याशिवाय माझी कढई चढणार नाही.”